लाल ठिपके आणि डिफॉल्टर लिस्ट

प्रश्न: नेरूळच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात दुसऱ्या वर्षाला शिकवतो. नोकरीला दोनच वर्षं झालीत. यंदा एलएमएसवर, म्हणजे कॉलेजच्या ऑनलाइन अभ्यासाच्या यंत्रणेवर, नवा डॅशबोर्ड आलाय. माझ्या वर्गातल्या ७२ पैकी १९ जणांच्या नावापुढे लाल ठिपका आहे, म्हणजे 'धोक्यात'. एचओडी म्हणतात, यादी विभागाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाका आणि सोमवारपासून पालकांना फोन लावा. पण या १९ मध्ये दोघंतिघं वर्गात चांगली उत्तरं देणारी आहेत, आणि जिची मला खरी काळजी वाटते ती मुलगी हिरव्यात आहे. डॅशबोर्डवर विश्वास ठेवू का? यादी टाकू का?

उत्तर:

यादी ग्रुपवर टाकू नका. फोन करा, पण मुलांना करा, आणि तेही लाल ठिपका कशापासून बनलाय हे बघून झाल्यावर. असं का, ते सांगायला जरा लांबण लागेल.

मी ठाण्यात संख्याशास्त्र शिकवते आणि गेली नऊ वर्षं आमच्या कॉलेजचं मूडल हे एलएमएसही सांभाळते. संगणक विभागाने हात झटकले तेव्हा ते माझ्या गळ्यात पडलं, ते पडलंच. तुम्ही विचारलेत ते दोन प्रश्न खरं तर वेगळे आहेत. डॅशबोर्ड म्हणतो ते कितपत खरं, हा एक. आणि ते कुणाच्या हातात द्यायचं, हा दुसरा. तुमच्या एचओडींना बहुधा वाटतंय की पहिल्याचं उत्तर 'बऱ्यापैकी खरं' असं आलं की दुसरा विचारायची गरज उरत नाही. आमच्याकडे तर अंदाज बरा निघायला लागला आणि मगच याद्या जास्त बेफिकिरीने फिरायला लागल्या.

याचं एक कारण आपल्या सवयीत आहे. ७५ टक्क्यांखाली हजेरी गेली की डिफॉल्टर लिस्ट नोटीसबोर्डवर लागते, हे आपण विद्यार्थी असल्यापासून बघतोय. ती यादी चांगली की वाईट ते सोडा, पण ती झालेल्या गोष्टीची असते. चाळीस लेक्चर झाली, मुलगा बाविसाला आला, विषय संपला. लाल ठिपका म्हणजे पुढे काय होईल याचा अंदाज. एचओडींना दोन्ही याद्या सारख्याच दिसतात, कारण दोन्हींत रोल नंबर आणि नाव असतं.

आता ठिपका कसा बनतो ते बघू. इथे बरंच काही तुमच्या कॉलेजने काय विकत घेतलंय त्यावर आहे. काही डॅशबोर्ड साध्या नियमांवर चालतात: गेल्या सात दिवसांत लॉगिन केलं का, किती पानं उघडली, असाइनमेंट दिली का, हजेरी किती, पहिल्या इंटर्नलला किती. प्रत्येकाला काही गुण, बेरीज, आणि अमुक आकड्याखाली लाल. काही डॅशबोर्डमागे मॉडेल असतं. ते आधीच्या बॅचेसच्या नोंदी बघून शिकलेलं असतं की कोणत्या खुणा असलेली मुलं पुढे नापास झाली किंवा गळाली. मूडलमध्येही २०१७ च्या ३.४ आवृत्तीपासून अशी सोय आहे, पण तुमच्याच साइटवरच्या संपलेल्या कोर्सेसवर शिकवल्याशिवाय गळतीचं ते मॉडेल काही सांगत नाही. तुमच्याकडे यातलं काय आहे ते विक्रेत्याला लेखी विचारा. 'आमचा अल्गोरिदम गोपनीय आहे' असं उत्तर आलं तर निदान कोणत्या नोंदी वापरल्या त्यांची यादी मागा. ती द्यायला कुणालाच अडचण नसावी.

दोन्ही प्रकारांत कच्चा माल एकच, लॉग, म्हणजे कुणी केव्हा काय उघडलं याची सर्व्हरवरची नोंद. आणि लॉगमध्ये काय येत नाही हे कळलं की निम्मे ठिपके उलगडतात. आमच्याकडे झालेली एक गोष्ट सविस्तर सांगते.

चार वर्षांपूर्वी आम्हीही एक डॅशबोर्ड घेतला. दुसऱ्या वर्षाच्या ६४ मुलांमध्ये पाचव्या आठवड्यात १७ लाल आली. मी यादी घेऊन प्रॅक्टिकलला गेले तर त्यातली बरीचशी समोर बसलेली, गणितं सोडवत असलेली. तुमच्यासारखीच चुळबूळ झाली. मग मी मूडलच्या डेटाबेसवर सरळ एक क्वेरी चालवली. तुमच्या अ‍ॅडमिनला हीच द्या, कोर्सचा नंबर आणि तारीख बदलून:

```sql
SELECT userid, origin, COUNT(*) AS n,
       FROM_UNIXTIME(MAX(timecreated)) AS last_seen
FROM mdl_logstore_standard_log
WHERE courseid = 412
  AND timecreated > UNIX_TIMESTAMP('2025-08-01')
GROUP BY userid, origin;
```

यातला `origin` हा रकाना बघा. मुलगा ब्राउझरमधून आला तर तिथे `web` असतं. मोबाईलच्या मूडल अ‍ॅपमधून आला तर `ws` असतं, कारण अ‍ॅप वेगळ्या दाराने सर्व्हरशी बोलतं. आमच्या डॅशबोर्डवाल्यांनी फक्त `web` मोजलं होतं. अ‍ॅपवरून रोज येणारी, नोट्स वाचणारी, क्विझ देणारी मुलं त्यांच्या लेखी महिनाभर गायब होती. `ws` धरून पुन्हा मोजल्यावर १७ पैकी दहा जण हिरव्यात गेले.

चूक सापडली, दुरुस्त झाली, हे ठीक. पण मी ती दहा नावं परत वाचली. अ‍ॅपवरूनच सगळं करणारी मुलं म्हणजे घरी लॅपटॉप नसलेली मुलं. दिवा, मुंब्रा, तुर्भे स्टोअर, घणसोलीच्या चाळी. लोकलमध्ये उभ्याउभ्या पीडीएफ वाचणारी. पत्ता किंवा उत्पन्न यातलं काहीही त्या डॅशबोर्डला माहीत नव्हतं, तरी त्याने लॅपटॉप नसलेल्या घरांची यादी काढली होती आणि तिला 'धोक्यात' असं नाव दिलं होतं. आम्ही ती पालकांना फोन करण्यासाठी वापरणार होतो.

अशाच आणखी दोन गोष्टी. वर्गात एक मुलगा नोट्स उतरवून घेतो आणि ग्रुपवर टाकतो. लॉगमध्ये एकट्याचं वाचन दिसतं, बाकीच्या चाळीसांनी ती उघडलीच नाहीत असं दिसतं. आणि गणपती. 'सात दिवसांत लॉगिन नाही' हा नियम असेल तर गणपतीनंतरच्या सोमवारी कोकणात गेलेला अख्खा अर्धा वर्ग लाल होतो. तुमचे १९ कोणत्या तारखेचे आहेत ते आधी बघा. सुट्टीच्या आसपासचे असतील तर पुढच्या दहा दिवसांत त्यातले बरेच आपोआप मावळतील.

'एकूण वेळ' या रकान्यावर तर अजिबात जाऊ नका. लॉगमध्ये फक्त क्लिकची वेळ असते. दोन क्लिकमधलं अंतर म्हणजे वाचन, असं डॅशबोर्ड धरून चालतो. शेवटच्या क्लिकनंतर मुलीने दोन तास वाचलं की फोन चार्जिंगला लावून झोपली, हे त्याला कळायला मार्ग नाही. कुणीतरी अंदाजाने अर्ध्या तासाची मर्यादा घातलेली असते आणि त्यावर दशांश चिन्हापर्यंत तास छापलेले असतात.

नोंदी साफ असल्या तरीही १९ ठिपक्यांचा अर्थ काय, तो हिशेब आता करू. त्यासाठी गेल्या वर्षाची बॅच घ्या. पाचव्या आठवड्यात आज जे नियम आहेत ते लावले असते तर कोण लाल झालं असतं, आणि शेवटी कुणाला केटी लागली, म्हणजे कुणाचा विषय राहिला. फक्त या दोन गोष्टी. समजायला सोपं जावं म्हणून तुमच्याच ७२ चा आकडा धरते. बाकीचे आकडे हिशेबापुरते. समजा शेवटी ११ जणांना केटी लागली. लाल झाले होते १९. त्यातल्या सात जणांना केटी लागली, बारा जण सरळ पास झाले. आणि केटी लागलेले चार जण हिरव्यातच होते.

आता विक्रेत्याचं माहितीपत्रक काढा. त्यावर 'अचूकता ८५ टक्के' असं काहीतरी असेल. ७२ पैकी ६१ पास झाले, म्हणजे डॅशबोर्ड न घेता 'सगळे पास होतील' असं मी म्हटलं असतं तरी माझी अचूकता जवळपास ८५ टक्के आली असती, आणि मला एकही अडलेलं मूल सापडलं नसतं. वरच्या उदाहरणातल्या डॅशबोर्डची अचूकता काढा: सात बरोबर लाल, ४९ बरोबर हिरवे, एकूण ५६, म्हणजे ७८ टक्के. माझ्या आळशी अंदाजापेक्षा कमी! तरीही तो माझ्यापेक्षा उपयोगी आहे, कारण वर्गात सहज कुणालाही उचललं तर केटीची शक्यता १५ टक्के, आणि लाल यादीतून उचललं तर ३७ टक्के. कुणाकडे आधी बघायचं हे ठरवायला ही मोठी मदत आहे.

पण तोच ३७ चा आकडा उलटा वाचा. लाल यादीतल्या दर पाचातले तीन जण काहीही न करता पास होणारे. तुमच्या एचओडींचं ऐकलं तर सोमवारी बारा घरांमध्ये फोन जाईल की तुमचा मुलगा नापास व्हायच्या मार्गावर आहे, आणि ते खोटं असेल. कोणते बारा ते फोन करताना तुम्हाला कळणार नाही. चुकीच्या लालची किंमत काय, हा प्रश्न म्हणून मी नेहमी कृतीला जोडून विचारते. कृती जर 'कॉरिडॉरमध्ये थांबवून दोन मिनिटं बोलणं' असेल तर बारा चुका काहीच नाहीत; बारा मुलांशी बोललात, चहा प्यायलात. कृती 'घरी फोन' असेल तर बारा चुका फार झाल्या. ठिपका तोच असतो, त्यावर काय करणार यावर तो किती पक्का हवा ते ठरतं.

एवढं सगळं सांगूनही मी डॅशबोर्ड रोज उघडते. कारण काही खुणा खरंच बोलतात. पहिली असाइनमेंट न देणं ही माझ्या अनुभवात सगळ्यात बोलकी खूण आहे. चार महिन्यांनी लागणारी केटी पुष्कळदा तिथेच दिसते. ती हजेरीपेक्षा बोलकी, कारण हजेरी बाकावर बसूनही लागते. दुसरी खूण म्हणजे स्वतःच्याच आधीच्या वागण्यातला फरक. आठवड्याला पंधरा वेळा येणारा मुलगा तीनवर आला तर विचारायला हवं. नेहमीच तीन वेळा येऊन काम उरकणारा तीनवरच आहे, त्याला काय विचारणार? बहुतेक डॅशबोर्ड मुलाला वर्गाच्या सरासरीशी ताडून बघतात, त्यामुळे दुसरा लाल होतो आणि पहिला अजून हिरवाच असतो. तुमच्याकडे आठवड्यांचा आलेख असेल तर रंग झाकून फक्त उतार बघा.

आणि तुमची ती हिरव्यातली मुलगी. तुमचा अंदाज बरोबर असण्याची शक्यता मला जास्त वाटते. आमच्याकडे एक होती. सगळी पानं उघडायची, सगळे व्हिडिओ, डॅशबोर्डवर वर्गातली सगळ्यात हिरवी. नोंदी उलगडून बघितल्या तर एकच व्हिडिओ चौदा वेळा उघडलेला, क्विझचे सगळे प्रयत्न संपवलेले, गुण मात्र दर वेळी तेवढेच. ती अडकली होती आणि प्रामाणिकपणे पुन्हापुन्हा धडका देत होती. डॅशबोर्ड क्लिकला मेहनत समजतो आणि मेहनतीला प्रगती. तिला कळत नव्हतं ते दोन यत्ता मागचं, संभाव्यतेतला मूळ गुणाकार, आणि ते दोन दुपारी बसून सुटलं. अशा मुली (आणि मुलं, पण माझ्याकडे मुलीच जास्त दिसल्या) वर्गात प्रश्न विचारत नाहीत. तेव्हा लाल यादीबरोबर एक दुसरी यादीही काढा: नोंदी भरपूर, पण क्विझचे गुण हलत नाहीत, अशांची. ती सहसा चारपाच नावांची असते.

आता शिक्क्याबद्दल. आमच्याकडे एका सत्रात लाल यादी पीडीएफ होऊन शिक्षकांच्या ग्रुपवर गेलीच. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. दोन आठवड्यांत स्टाफरूममध्ये 'तो लालवाला' हा शब्दप्रयोग रुळला. ओरलला एका सहकाऱ्याने एका मुलाला सोपे दोन प्रश्न विचारून बाहेर पाठवलं. मी विचारलं तर म्हणाले, अहो तो यादीतला आहे, त्याला कशाला त्रास द्यायचा. त्यांनी दयाच दाखवली होती. पण सोप्या प्रश्नांना कमी गुण असतात. इंटर्नलचे गुण कमी आले, आणि पुढच्या सत्रात डॅशबोर्डने तेच गुण वाचून त्याला पुन्हा लाल केलं. आपणच घातलेली नोंद आपल्याकडे पुरावा म्हणून परत येते ती अशी. तो मुलगा ऐरोलीला एका कंपनीत रात्रपाळी करत होता. सकाळचं पहिलं लेक्चर त्याला कधीच जमलं नाही, बाकी डोकं उत्तम होतं. हे आम्हाला त्याला विचारल्यावर कळलं, सत्र संपल्यावर.

ती पीडीएफ मुलांपर्यंत पोचायला तीन दिवस लागले. तुमच्याकडे एक लागेल.

'लाल दिव्यांचा फायदा सिद्ध झालाय' असं विक्रेता सांगेल, तर त्यामागची गोष्टही माहीत असू द्या. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाने २००७ च्या सुमारास लाल-पिवळा-हिरवा सिग्नल दाखवणारी 'कोर्स सिग्नल्स' ही यंत्रणा आणली. या सगळ्या डॅशबोर्डांची ती आजी म्हणता येईल. ती असलेले दोन किंवा जास्त कोर्स घेणारी मुलं विद्यापीठात टिकून राहण्याचं प्रमाण २१ टक्क्यांनी जास्त, असा दावा खूप गाजला. २०१३ मध्ये मायकेल कॉलफील्ड आणि अल्फ्रेड एसा यांनी त्यातली खोच दाखवली: जे मूल जास्त सत्रं टिकतं त्यालाच असे जास्त कोर्स घ्यायची संधी मिळते, म्हणजे कारण आणि परिणाम उलटे लावलेत. एसा यांनी सिग्नलच्या जागी मुलांना चॉकलेट वाटल्याचं गणिती नाटक रचून दाखवलं. चॉकलेटमुळेही मुलं 'टिकली'. याचा अर्थ असे दिवे निरुपयोगी असतात असा नाही. दिवा लागल्याने मूल वाचतं हे मात्र त्या आकड्याने दाखवलं नव्हतं.

दुसरी गोष्ट हेतूची आहे. मेरिलँडमधल्या माउंट सेंट मेरीज विद्यापीठात प्रथम वर्षाच्या मुलांकडून एक प्रश्नावली भरून घेतली गेली. जानेवारी २०१६ मध्ये तिथल्या विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्राने उघड केलं की गळण्याची शक्यता असलेली वीस-पंचवीस मुलं अधिकृत पटसंख्या कळवायच्या आधीच बाहेर काढायची, म्हणजे टिकण्याचं प्रमाण कागदावर चांगलं दिसेल, असा अध्यक्षांचा बेत होता. मोठा गदारोळ झाला आणि फेब्रुवारीअखेर अध्यक्षांना पायउतार व्हावं लागलं. धोक्यातली मुलं ओळखणारं साधन मदतीला आणि काटछाटीला सारखंच चालतं. आपल्याकडे नॅकसाठी निकालाचा टक्का बघितला जातो, हे मी तुम्हाला सांगायला नको. म्हणून यादी कुणाकडे आहे हा प्रश्न मी तांत्रिक प्रश्नाइतकाच गंभीरपणे घेते.

पालकांच्या फोनबद्दल माझं मत जरा कडक आहे. दुसऱ्या वर्षाची बहुतेक मुलं अठरा पूर्ण केलेली असतात. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा अठराखालच्यांना बालक धरतो. त्यापुढे स्वतःच्या माहितीचा धनी तो मुलगा स्वतः असतो. पण कायद्यापेक्षा मला एक फोन आठवतो. उरणच्या बाजूच्या गावातून येणारी मुलगी, लाल यादीत, तिच्या मेंटॉरने सद्भावनेने वडिलांना कळवलं. वडिलांनी ऐकलं ते एवढंच की मुलगी नापास होणार, मग रोज तिकडे पाठवायची कशाला. तिचं कॉलेजच सुटायची वेळ आली होती. तिची आत्या मध्ये पडली म्हणून निभावलं. ती मुलगी लाल झाली होती कारण घरातला एकमेव स्मार्टफोन भावाकडे असायचा. मुलग्याच्या घरी फोन गेला तर ओरडा बसतो. काही मुलींच्या घरी फोन गेला तर शिक्षणच बंद होतं. दोन्ही सारखं धरता येत नाही.

मग सोमवारी काय करायचं? मी करते ते सांगते. १९ नावं उतरवून घ्या, पण प्रत्येकापुढे रंग न लिहिता कारण लिहा: असाइनमेंट १ नाही, दोन आठवडे नोंद नाही, इंटर्नलला सहा. कारण सापडतच नसेल, फक्त आकडा कमी असेल, तर ते नाव तूर्त बाजूला ठेवा. अ‍ॅपची तपासणी आणि सुट्टीची तारीख लावल्यावर यादी दहाबारावर येईल असा माझा अंदाज आहे, पण ते तुमच्या डॅशबोर्डवर अवलंबून. त्यात तुमच्या त्या मुलीचं नाव घाला. मग एकेकाशी बोला. 'तू धोक्यात आहेस', 'सिस्टिममध्ये तुझं नाव आलंय' यातलं काहीही म्हणायचं नाही. एवढंच म्हणा: "अरे, असाइनमेंट एक मला दिसत नाहीये. काय झालं?" आणि गप्प बसा. पहिलं उत्तर नेहमी 'काही नाही सर, देतो' असं येतं. दुसरं उत्तर खरं असतं, आणि ते यायला दहा सेकंद लागतात.

जे कळेल ते चार खणांत टाका: नोंदीची चूक, वेळ किंवा प्रवास किंवा नोकरी, विषयातली अडचण, घर-तब्येत-मन. पहिल्या खणात मुलाला काही सांगायचं नाही, अ‍ॅडमिनला सांगायचं. दुसऱ्यात मुदत वाढवणं किंवा बॅच बदलणं हे तुमच्या हातात असतं. तिसऱ्यात तुम्हीच बसायचं. चौथ्यात समुपदेशकाकडे न्यायचं, आणि त्या खणातला मजकूर कुठल्याही एक्सेलमध्ये लिहायचा नाही. शिकवणाऱ्यांपैकी कुणाला कळवणं गरजेचं असेल तर कृती कळवा, रंग नको. 'याला सकाळच्या बॅचऐवजी दुपारची द्या' एवढं पुरतं. का, ते सगळ्यांना कळायची गरज नसते.

तीन आठवड्यांनी ती वही फाडून टाका आणि डॅशबोर्ड नव्याने बघा. मागच्या सत्राचा रंग पुढच्या सत्रात दिसत असेल तर तो बंद करायला अ‍ॅडमिनला सांगा. आमच्याकडे तो एक साधा टिकमार्क निघाला, तुमच्याकडे कदाचित विक्रेत्याला विचारावं लागेल.

एचओडींशी वाद घालू नका, ते हरतात तेव्हा फार वाईट हरतात (मीही एचओडी होते). त्यांना एक कागद द्या: गेल्या वर्षीचा तो चार आकड्यांचा तक्ता, लाल आणि केटी, लाल आणि पास, हिरवा आणि केटी, हिरवा आणि पास. तो काढायला परीक्षा विभागाचा निकाल आणि पाचव्या आठवड्यातला लॉग एवढंच लागतं, एका दुपारचं काम आहे. अडलात तर आकडे इथे टाका, नावं आणि रोल नंबर काढून, मी बघते. मॉडेल गेल्या वर्षाच्याच बॅचवर शिकलेलं असेल तर मात्र त्याच्या आधीची बॅच घ्या. ज्या प्रश्नपत्रिकेवर सराव केला त्याच प्रश्नपत्रिकेवर परीक्षा घेतली तर कुणीही हुशार दिसतं.